बैल गेल्यावर झोपा



चिटणिसांनी यंदा आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा संस्थेच्या जुन्या आठवणी किंवा मुलामुलींस दोन शब्द अशी काही असावी. आम्ही मात्र एका चुकीविषयी बोलणार आहोत. ती चूक बहुतेकांस ठाऊक आहे, आणि गेली काही वर्षे ती आमच्यासमोर कोणी काढीत नाही. हा सौजन्याचा भाग झाला, पण त्या सौजन्यामुळे तिच्यातून जे शिकावयाचे होते तेही झाकले गेले आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. जुन्या वळणाच्या सवयीने आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतो. आजच्या विषयात हा शब्द फार सोयीचा आहे, कारण त्यात एकट्याचे कृत्य सहज लपते. म्हणून सांगून ठेवतो की या भाषणातला 'आम्ही' म्हणजे त्या वेळचा खजिनदार, एकटा. जेथे सातही सभासदांविषयी बोलावयाचे असेल तेथे 'समिती' असे म्हणू.

हकीकत थोडक्यात अशी. २०१७ च्या जून महिन्यात संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीचे अठरा लाख रुपये राष्ट्रीयीकृत बँकेतून मुदत संपून मोकळे झाले. तेथे पुन्हा ठेवले असते तर सुमारे पावणेसात टक्के व्याज मिळणार होते. एका नागरी सहकारी बँकेने सव्वाआठ टक्के देऊ केले. फरक दीड टक्क्याचा, म्हणजे वर्षाचे सत्तावीस हजार रुपये. एवढ्यात आणखी एका मुलीची वर्षाची फी निघते, असा हिशेब आम्ही समितीपुढे मांडला. ठराव मंजूर झाला आणि नऊ-नऊ लाखांच्या दोन पावत्या आमच्या हाती आल्या. २०१९ च्या मे महिन्यात त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. प्रत्येक ठेवीदारास काही ठराविक हजारांपलीकडे काढता येईना. शाळा-महाविद्यालयांचे वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर निधी गोठला आणि त्या वर्षीची साहाय्ये थांबली. त्यांत परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिच्या पंचवीस हजारांचे लेखी आश्वासन आमच्या सहीने गेले होते. तिच्या आईने पाटल्या गहाण ठेवून फी भरली.

यानंतरची जवळजवळ सव्वादोन वर्षे आम्ही काय केले, ते सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. आम्ही काहीही केले नाही. रोज रात्री दिवा मालवल्यावर तीच सभा आमच्या डोळ्यांपुढे भरे. तीच सतरंजी, तोच चहा, तेच सात जण. त्या सभेत आम्ही उभे राहून खणखणीत आवाजात सांगत असू की ही बँक बुडणार आहे, येथे एक पैसा ठेवू नका. सभा ऐके, पैसे वाचत, आणि मग जाग येऊन दुसऱ्या दिवसाची पहाट पुढे उभी राही. दोन महिने नीट झोप नव्हती. तेव्हाच डॉक्टरांकडे जावयास हवे होते. आम्ही गेलो नाही, कारण झोप न लागणे ही आमची शिक्षा आहे असे वाटे, आणि शिक्षा भोगणारा औषध मागत नाही.

या मनःस्थितीत एक प्रकारचा गर्वही होता, हे आज दिसते. आपण स्वतःस इतके दोषी मानतो, म्हणजे आपण प्रामाणिक आहोत, अशी ती समजूत होती. प्रत्यक्षात काय घडत होते ते पाहा. त्या मुलीच्या घरी आम्ही अकरा महिने गेलो नाही. वाटेत तिचे वडील दिसले तर आम्ही गल्ली बदलत असू. संस्थेच्या नावाने येणारी पत्रे नियमाप्रमाणे आमच्याकडे येत, त्यांतले बँकेचे पाकीट दिसले की हात थरथरे आणि ते कपाटात जाई. २०२१ च्या सप्टेंबरात असेच एक पाकीट आले. ऑक्टोबर लागला तेव्हा आमचे तरुण चिटणीस हिशेबाची वही नेण्यासाठी घरी आले. कपाट उघडताच ती थप्पी त्यांच्या दृष्टीस पडली.

"अण्णा, ही फोडली का नाहीत?" त्यांनी विचारले.

आम्ही गप्प राहिलो. आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "त्यांना विचारू नका. तुम्हीच फोडा."

त्या पाकिटात ठेव विमा महामंडळाकडून मिळणाऱ्या रकमेचा अर्ज होता. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १ सप्टेंबरपासून अशी सोय झाली होती की निर्बंधाखालील बँकेच्या ठेवीदारास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागे. ठेवीदाराने आपली संमती आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा क्रमांक ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी द्यावयाचा होता. हातात थोडेच दिवस उरले होते. चिटणिसांनी त्याच संध्याकाळी अर्ज भरला, आमची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिला. वर्ष संपण्याच्या सुमारास संस्थेच्या खात्यात पाच लाख रुपये जमा झाले. ते पाकीट आणखी महिनाभर कपाटात राहिले असते तर ही रक्कमही किती लांबली असती कोण जाणे. पहिली चूक आम्ही निधीच्या हितासाठी केली होती. दुसरी चूक आम्ही पहिलीचा पश्चात्ताप करता करता करीत होतो, आणि तिच्यात कोणाचेही हित नव्हते.

त्या संध्याकाळी चिटणीस उठताना एक साधा प्रश्न विचारून गेले. "अण्णा, त्या सभेचे इतिवृत्त तुम्ही नंतर कधी वाचले आहे का?"

वाचले नव्हते. वाचण्याची गरज काय, सारी सभा तर आमच्या डोळ्यांपुढे रोज भरत होती. तरी दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताची वही काढली, आणि तेथून आमची सुटका सुरू झाली. सुटका म्हणजे दोषमुक्ती नव्हे. वहीने आमचे काही दोष कमी केले आणि काही नवे दाखवून दिले.

आमच्या स्मरणात असे होते की एका ज्येष्ठ सभासदांनी त्या सभेत धोक्याचा स्पष्ट इशारा दिला होता आणि आम्ही तो धुडकावला. हीच आठवण आम्हांस सर्वांत जास्त जाळीत होती. वहीत त्यांचा आक्षेप होता, परंतु तो असा: बँकेची शाखा गावाबाहेर आहे, वयस्कर खजिनदारांस हेलपाटे पडतील. बस्स. सुरक्षिततेविषयी त्या सभेत एकाही सभासदाने एक शब्द काढलेला नव्हता. २०१९ मध्ये जे घडले, त्याच्या उजेडात आमच्या मनाने २०१७ च्या त्या गृहस्थांच्या तोंडी नवे शब्द घातले होते. आम्ही त्यांस जाऊन विचारले. गंमत अशी की त्यांसही आता आपण इशारा दिल्यासारखेच वाटत होते! वही दाखविली तेव्हा ते खूप हसले.

पश्चातबुद्धी हा आपल्या भाषेतला जुना शब्द आहे. तिचे मोजमाप आधुनिक मानसशास्त्रज्ञांनी केले आहे. बारूख फिशहॉफ नावाच्या संशोधकांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासंबंधी सांगण्याजोगा आहे, शिवाय तो आपल्या शेजारच्या इतिहासावर बेतलेला आहे. १८१४ साली इंग्रज आणि गुरखे यांच्यात नेपाळच्या सीमेवर युद्ध जुंपले. त्याची पूर्वपीठिका सांगणारा एक उतारा त्यांनी लोकांस वाचावयास दिला आणि चार शक्य शेवट पुढे ठेवले: इंग्रजांचा जय, गुरख्यांचा जय, तहावाचूनची बरोबरी आणि तहासह बरोबरी. काहींस प्रत्यक्ष काय घडले ते सांगितलेच नाही. इतरांच्या वेगवेगळ्या गटांस वेगवेगळा शेवट 'हेच खरोखर घडले' म्हणून सांगितला. मग प्रत्येकास विचारले की उताऱ्यावरून कोणता शेवट किती संभवनीय वाटतो. ज्यास जो शेवट सांगितला होता, त्यास तोच अधिक संभवनीय वाटला. तुम्हांस शेवट ठाऊक नसता तर तुम्ही काय उत्तर दिले असते, असे विचारले तरीही फारसा फरक पडला नाही. कळलेली गोष्ट बाजूस काढून ठेवणे मनास जमत नाही, आणि ते जमले नाही हेही मनास कळत नाही.

आपल्याकडे पानिपताचे असेच आहे. १७६१ साली काय झाले ते आपणांस ठाऊक असल्यामुळे बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर नेण्यातला धोका आपणांस स्वच्छ दिसतो, आणि दर लग्नाच्या पंगतीत बासुंदीची वाटी हातात घेऊन पानिपत जिंकणारे दोघे तरी भेटतात. आम्ही रात्री अंथरुणावर तेच करीत होतो. आमच्या त्या काल्पनिक सभेत बोलणाऱ्या खजिनदारास २०१९ सालची बातमी ठाऊक होती. खऱ्या सभेतल्या खजिनदारास ती ठाऊक नव्हती. ज्याच्यावर आम्ही खटला चालवीत होतो, तो मनुष्य त्या सभेत बसलेलाच नव्हता.

म्हणून पश्चात्तापाच्या कामी पहिले पाऊल म्हणजे त्या दिवसाचा कागद शोधणे. वही, पत्र, पावती, जुनी टिपणवही, फोनमधला संदेश, जे मिळेल ते. घरगुती निर्णयांचे इतिवृत्त नसते हे खरे. परंतु त्या वेळी लिहिलेली चार वाक्ये नंतरच्या चारशे आठवणींहून अधिक खरी असतात, आणि ती नसतील तर त्या वेळी जवळ असलेल्या माणसास विचारावे. तेही न सुचविता, मोकळे सोडून.

कागद जमल्यावर आम्ही व चिटणीस दोन रविवार एकत्र बसलो. प्रत्येक बाबीवर एकच प्रश्न विचारावयाचा असे ठरविले: हे आम्हांस त्या दिवशी ठाऊक होते का, नसल्यास, थोड्या श्रमाने ठाऊक होऊ शकले असते का, की ते कोणासही ठाऊक होणे शक्य नव्हते?

शेवटच्या प्रकारात बरेच काही गेले. ती बँक ज्या कारणाने बुडाली, ती मोजक्या मोठ्या कर्जदारांची बुडीत कर्जे हिशेबात चांगली म्हणून दाखविली गेली होती. तपासनिसांच्याही नजरेस ती उशिरा आली. सात जणांच्या समितीस ती दिसावयास हवी होती असे म्हणणे हा न्याय नव्हे. निर्बंध नेमके फी भरण्याच्या हंगामात यावेत, हाही केवळ योगायोग होता. रात्रीच्या वेळी आम्ही स्वतःस ज्या बाबींसाठी दोष देत होतो, त्यांतल्या निम्म्याहून अधिक येथे जाऊन पडल्या.

मधल्या प्रकारात दोन गोष्टी निघाल्या, आणि येथे मात्र मान खाली घालावी लागली. आदल्या वर्षीच्या लेखापरीक्षकांच्या अहवालात शेवटच्या पानावर एक ओळ होती की निधीची गुंतवणूक सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ ला धरून आहे याची खात्री करून घ्यावी. आपली संस्था या १९५० च्या कायद्याखाली येते. त्या कलमानुसार विश्वस्तांनी पैसा शेड्युल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत, शासनाने त्यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावयाचा असतो. आमची बँक शेड्युल्ड नव्हती, आणि तिला अशी मान्यता आहे का, हे एका पत्राने विचारता आले असते. आम्ही विचारले नाही. तो अहवाल आम्ही पहिल्या पानापुरता वाचला होता. दुसरी गोष्ट त्याच फायलीत होती. बँकेच्या व्यवस्थापकांनी आम्हांस दिलेला बँकेचा वार्षिक अहवाल तेथे जसाच्या तसा होता, पाने एकमेकांस चिकटलेली. आत अनुत्पादक कर्जांचे प्रमाण दोन वर्षांत दुपटीहून वाढल्याचे छापलेले होते. तथापि, एवढ्यावरून बँक बुडेलच असे म्हणता आले नसते. तसे आकडे असूनही सावरलेल्या बँका आहेत. परंतु ते वाचून समितीत एखादा प्रश्न निघाला असता, आणि तो निघावयास हवा होता.

पहिल्या प्रकारात, म्हणजे त्या दिवशी ठाऊक असलेल्या गोष्टींत, एकच निघाली, आणि तीच सर्वांत बोधक ठरली. बँक बुडाली तर विम्यातून ठेवीदारामागे एक लाख रुपयेच मिळतात, हे आम्हांस ठाऊक होते. ही मर्यादा १९९३ पासून तीच होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे निर्बंधांनंतर. एकाच बँकेत दोन पावत्या केल्याने किंवा दोन शाखांत ठेवल्याने विमा वाढत नाही, हेही ठाऊक होते. म्हणजे अठरांपैकी सतरा लाख उघडे होते. त्याच्या मोबदल्यात मिळणार काय, तर वर्षाचे जास्तीचे सत्तावीस हजार. सतरा लाखांस सत्तावीस हजारांनी भागून पाहा: जवळजवळ त्रेसष्ट येतात. एकदा गेलेले सतरा लाख त्या जादा व्याजातून भरून काढावयाचे तर त्रेसष्ट वर्षे लागली असती. दुसऱ्या शब्दांत, अशा बँकेवर त्रेसष्ट वर्षांतून एकदा जरी संकट येण्याचा संभव असेल, तर जादा व्याजाचा सारा लाभ तेथेच संपला. हा भागाकार करावयास भविष्य कळण्याची गरज नव्हती. चौथीतल्या मुलाने तो पाटीवर केला असता. आम्ही केवळ सत्तावीस हजारांकडे पाहिले, कारण त्यांत आम्हांस एका मुलीची फी दिसत होती. चांगल्या हेतूने डोळ्यांवर झापड येते, हे आम्हांस पन्नास वर्षांच्या संसारात कळले नव्हते ते त्या भागाकाराने कळले.

येथे एक फरक आमच्या ध्यानात आला. दोन वर्षे आम्ही स्वतःस विचारीत होतो, 'आम्ही असे का वागलो? आम्ही इतके बेपर्वा का?' या प्रश्नांस उत्तर नसते. उत्तर म्हणून मनुष्य स्वतःच्या स्वभावास एक नवी शिवी देतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. त्या दोन रविवारी आम्ही विचारीत होतो, 'अहवाल कोणत्या दिवशी आला? तो कोणाच्या हाती गेला? कोणते पान वाचले? मग काय झाले?' घटना तीच, दुःखही तेच, पण हे प्रश्न कोठेतरी जाऊन थांबत होते. पुढे कळले की एडवर्ड वॉटकिन्स या एक्झेटर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी याच भेदाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. स्वतःविषयी व्यापक 'का' उगाळीत राहिल्याने खिन्नता लांबते. तीच घटना 'कसे घडले' अशी पायरीपायरीने पाहिली तर मन त्यातून मार्ग काढू लागते. दोहोंतला फरक ओळखण्याची आमची घरगुती खूण अशी: अर्धा तास विचार केल्यावर कागदावर लिहिण्याजोगे एखादे नवे वाक्य मिळाले, तर तो विचार होता. न मिळाले, तर ते नुसते चरकातून पुन्हा पुन्हा चिपाड घालणे होते.

तथापि, सारेच कागदावर उरकत नाही. पश्चात्तापाचा जो भाग दुसऱ्याच्या नुकसानीविषयी असतो, तो मनातल्या मनात फिटत नाही. खरे तर मुलीच्या घरी आम्ही निर्बंध आले त्याच आठवड्यात जावयास हवे होते. गेलो २०२० मध्ये, तेही सौ.नी हात धरून नेले म्हणून. आम्ही काय बोलावयाचे ते पाठ करून गेलो होतो. मुलीच्या आईने ते पुरते ऐकून घेतले नाही.

"अण्णा, पैसे बुडाले त्याचं आम्हांला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पेपरात आलं होतं. पण तुम्ही आला नाहीत, त्याचं वाईट वाटलं. फी भरायची तारीख जवळ आली तरी आम्ही वाट पाहत होतो. 'मिळणार नाहीत' एवढं कळवलं असतंत तरी आम्ही महिनाभर आधी पाटल्या ठेवल्या असत्या. दंड तरी वाचला असता."

उशिराने भरलेल्या फीचा दंड! ही गोष्ट आमच्या दोन वर्षांच्या आत्मपीडनाच्या यादीत कोठेच नव्हती. आम्ही अठरा लाखांवर रडत होतो. ज्या नुकसानीस आम्ही एकटे आणि पूर्णपणे जबाबदार होतो, ती एका पोस्टकार्डाने टळली असती. समितीतील चौघांनी व आम्ही मिळून नंतर पाटल्या सोडवून दिल्या, दंडासह. जमीन विकून सारा निधी भरून द्यावा असेही आमच्या मनात होते. समितीने ते मान्य केले नाही, आणि आज वाटते, बरोबर केले. तो भरपाईचा हिशेब नव्हता. स्वतःस शिक्षा करण्याची ती आणखी एक तऱ्हा होती, आणि तिचा भार आमच्या मुलांनी वाहिला असता. त्याऐवजी समितीने सर्व हकीकत लेखी स्वरूपात धर्मादाय कार्यालयास कळविली आणि पुढील सर्वसाधारण सभेत आम्ही ती उभे राहून वाचली.

आता धडा काय घ्यावयाचा, यातही माणूस चुकतो. निधी गोठल्यावर समितीने जे काही नवे देणगीचे पैसे आले ते दोन वर्षे नुसत्या बचत खात्यात ठेवले. मुदत ठेवीच्या सुमारे निम्म्या व्याजावर! कोणी मुदत ठेवीचे नाव काढले की सारे अंग चोरीत. काही जण तर सहकारी बँक म्हणजेच चोर असे उघड बोलू लागले. या सभागृहात बसलेल्या किती जणांची दुकाने अशाच बँकांच्या कर्जावर उभी राहिली, याचा त्यांस विसर पडला. पोळलेल्या माणसाचा धडा असा नेहमी गरजेपेक्षा मोठा असतो. घटनेने जेवढे शिकविले तेवढेच घ्यावे, हे आम्हांस अवघड गेले. घटनेने सहकाराविषयी काहीच शिकविले नव्हते. तिने शिकविले ते एवढेच की विश्वस्त निधीची मूळ रक्कम कायद्याने सांगितलेल्या जागीच असावी, आणि जादा लाभ दिसला की जाऊ शकणाऱ्या रकमेस त्याने भागून पाहावे.

२०२२ च्या वार्षिक सभेत त्याप्रमाणे ठराव झाला. त्याबरोबर चिटणिसांनी एक छोटी प्रथा सुरू केली. गुंतवणुकीच्या प्रत्येक ठरावास आता अर्ध्या पानाचे टिपण जोडले जाते. त्यात आज आम्हांस काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, कोणते कागद कोणी वाचले, आणि कोणती गोष्ट घडल्यास निर्णय बदलावयाचा, हे लिहिलेले असते. सभासदांच्या सह्या त्याखाली होतात. आरंभी काहींस हा कारकुनी खटाटोप वाटला. परंतु पुढील पिढीतील एखादा खजिनदार रात्री अंथरुणावर आपली सभा भरवू लागेल, तेव्हा त्याच्या हाती खरी सभा असेल. ज्यांस हवे त्यांनी आपल्या घरातही हे करून पाहावे, विशेषतः घर, जमीन, मुलांचे शिक्षण किंवा शस्त्रक्रिया यांसारख्या निर्णयांत. एका वहीचे एक पान पुरते.

बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपण कुचेष्टेने वापरतो. झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार. बैल चोरीस गेल्यावर दार करणारा मूर्ख, असा तिचा सूर. आम्ही शेतकऱ्याच्या घरात वाढलो, म्हणून एक शंका विचारतो: त्या गोठ्यात दुसरे जनावर असेल तर? आमच्या आजोबांच्या गोठ्यात बैलाशेजारी गाय होती, तिचे वासरू होते. तेथे बैल गेल्यावर झोपा न करणाराच मूर्ख ठरला असता. अंगणात बसून गेल्या बैलाचे वर्णन करीत राहणाऱ्याविषयी मात्र म्हण काहीच बोलत नाही, हे आम्हांस नवल वाटते.

आता व्यवहाराचे थोडे. बँकेचा परवाना पुढे रद्द झाला असून ती अवसायकाच्या ताब्यात आहे. अठरा लाखांपैकी पाच मिळाले, तेरा लाख यायचे आहेत. ते येतील असे आम्ही कोणास सांगत नाही. याच स्मरणिकेत छापलेल्या ताळेबंदात 'वसुलीविषयी साशंक' अशी एक ओळ आहे, तीच ही रक्कम. सर्वसाधारण सभेत ती ओळ दर वर्षी आम्हीच उभे राहून वाचतो, आणि यंदाही उद्या सकाळी दहा वाजता वाचू. इतिवृत्ताची वही व लेखापरीक्षकांचा तो अहवाल टेबलावर ठेवलेले असतील. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी संकोच न करता विचारावे.